कार्ड पुसू का? मुलाखतींच्या मूळ रेकॉर्डिंगच्या जतनाच्या नोंदी

३ मार्च

रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या सहकारीचा सकाळी निरोप आला: "दोन्ही कार्डं भरली आहेत. चोवीस तारखेपासून मुलाखतींचा पुढचा टप्पा सुरू होतोय. जुनं पुसू का?"

मी "थांब" म्हणाले, पण का थांबायचं याचं नेमकं उत्तर माझ्याकडे नव्हतं. या नोंदी त्या उत्तरासाठी.

सध्या कार्डांवर ३८ मुलाखती आहेत, मिळून ५७ तास. रेकॉर्डरची मांडणी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनल. डावीकडे पाहुण्यांचा कॉलर माइक, उजवीकडे प्रश्न विचारणाऱ्याचा. हिशेब सोपा आहे: सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुन्याला ३ बाइट, दोन चॅनल. म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट आणि तासाला साधारण १.०४ जीबी. सगळं मिळून ५९ जीबी. शिवाय दूरवरून केलेल्या तीन मुलाखतींच्या फाइली पाहुण्यांनी स्वतः पाठवल्या आहेत. त्या कार्डांवर नाहीत.

या सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे, आणि त्याच डिस्कवरचं फोल्डर एका क्लाउड सेवेशी सिंक होतं. म्हणजे कागदोपत्री तीन जागी आहे. पण सिंकला मी प्रत मानत नाही. मागच्या वर्षी एका मुलाखतीची सुरुवातीची शांतता कापून फाइल त्याच नावाने जतन केली गेली आणि काही मिनिटांत क्लाउडमधलीही कापली गेली. जुनी आवृत्ती ठरावीक दिवसांनंतर मिळत नाही, आणि आमच्या लक्षात आलं तेव्हा ते दिवस उलटून गेले होते.

४ मार्च

संकलन करणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं: एमपी३ करून ठेवू, मोठ्या फाइली काढून टाकू, ऐकताना कुणाला फरक कळतो? ऐकण्यापुरतं तो बरोबर आहे. १२८ केबीपीएसला बोलणं छान ऐकू येतं. पण मूळ फाइल आपण नुसती ऐकायला ठेवत नाही. उद्या गरज पडली तर तिच्यातून पुन्हा काम काढता यावं म्हणून ठेवतो. म्हणून दोघांनी मिळून चाचणी केली.

एका मुलाखतीत खोलीतल्या पंख्याची घरघर आहे. तिची मूळ वेव्ह, म्हणजे रेकॉर्डरने न दाबता लिहिलेली फाइल घेतली आणि त्याच भागाची १२८ ची एमपी३ प्रतही घेतली. दोन्हींवर तोच आवाजशुद्धीचा फिल्टर तितक्याच ताकदीने चालवला आणि दोन्ही पुन्हा एमपी३ मध्ये काढल्या. वेव्हमधून आलेल्या प्रतीत पंखा खाली गेला आणि आवाज शाबूत राहिला. एमपी३ मधून आलेल्या प्रतीत पंखा गेला खरा, पण स, श, च या अक्षरांच्या शेपटाला पाण्यात बोलल्यासारखी सळसळ आली.

कारण असं आहे की एमपी३ कानाला झाकल्या जाणाऱ्या बारीक तपशिलांवर बिट खर्च करत नाही आणि त्यांच्या जागी आपला गोंगाट सोडतो. तो गोंगाट मोठ्या आवाजाखाली लपलेला असतो. शुद्धीकरणात आपण नेमकं त्याच्यावरचं पांघरूण काढतो, आणि वर पुन्हा एमपी३ केली की दुसऱ्यांदा तीच काटछाट होते. हे ऐकल्यावर सहकाऱ्याने वाद सोडला. एमपी३ प्रसारणासाठी ठेवायची, मूळ म्हणून नाही, एवढं ठरलं.

६ मार्च

आज वेव्ह की फ्लॅक. m17 ही १ तास २४ मिनिटांची मुलाखत नमुना म्हणून घेतली. वेव्ह १.४५ जीबी, फ्लॅक ०.७३ जीबी, १२८ ची एमपी३ ८१ एमबी.

फ्लॅकमध्ये काही टाकून दिलेलं नसतं. आधीच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज व खरी किंमत यांतला फरक तेवढा लिहायचा, असं ते काम करतं. म्हणून अंदाज लागणाऱ्या आवाजाची फाइल लहान होते आणि गोंगाटाची होत नाही. आमच्याच फाइलींत हे स्पष्ट दिसलं: शांत खोलीतली मुलाखत मूळच्या ४१ टक्क्यांवर आली, पंख्याची मात्र ६३ वर अडली. बाकी बहुतेक पन्नाशीच्या आसपास. ही टक्केवारी मी प्रत्येक फाइलसमोर लिहून ठेवली. सहज म्हणून लिहिली, पण पुढे कामाला आली.

जागा अर्धी होणं हे माझ्यासाठी दुय्यम कारण आहे. मुख्य कारण दुसरं. m17 च्या वेव्हची आणि फ्लॅकची एकेक प्रत काढून दोन्हींत मधलाच एक बाइट हेक्स एडिटरने बदलला. वेव्ह निमूट वाजली. कुठल्याही प्रोग्रामने तक्रार केली नाही आणि मलाही काही ऐकू आलं नाही. फ्लॅकवर मात्र हे चालवलं:

```
flac -t m17.flac
```

लगेच चूक दाखवली. फ्लॅकच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तपासणी-बेरीज असते, आणि फाइलच्या सुरुवातीला संपूर्ण मूळ आवाजावरून हिशेबाने काढलेली एमडी५ खूण लिहिलेली असते. आवाज जरासा बदलला तरी ही खूण वेगळी येते. एक तुकडा ४,०९६ नमुन्यांचा, म्हणजे जेमतेम ८५ मिलिसेकंदांचा. बिघडलं तर तेवढंच बिघडतं, आणि बिघडलंय हे फाइल स्वतः सांगते. वेव्हमध्ये ही सोय नाही. वीस वर्षं पडून राहणाऱ्या फाइलीत मला हा गुण हवा आहे.

७ मार्च

आज अर्धा दिवस गोंधळात गेला, पण उपयोगी गोंधळ होता.

m17 ची फ्लॅक पुन्हा उलगडून वेव्ह केली आणि मूळ वेव्हशी sha256, म्हणजे पूर्ण फाइलची तशीच खूण, जुळवून पाहिली. जुळली नाही! आकारही थोडा कमी. काही टाकून दिलेलं नसतं असं काल इथेच लिहिलं होतं, त्यामुळे धस्स झालं.

खुलासा असा: वेव्ह म्हणजे फक्त आवाज नव्हे. रेकॉर्डर त्यात bext आणि iXML नावाचे कप्पे लिहितो, ज्यांत रेकॉर्डिंगची तारीख, वेळ, रेकॉर्डरचं नाव आणि चॅनलची नावं असतात. फ्लॅक करताना साधी आज्ञा दिली तर आवाज पूर्ण जातो, पण हे कप्पे गळतात. साधन तशी सूचनाही देतं, मीच ती वाचली नव्हती. मुलाखतीच्या बाबतीत ती तारीख आणि वेळ म्हणजे अर्धा पुरावा, ती घालवून चालणार नाही. जाताना आणि येताना दोन्ही वेळा एक पर्याय द्यावा लागतो:

```
flac -8 --verify --keep-foreign-metadata m17.wav
flac -d --keep-foreign-metadata -o parat.wav m17.flac
sha256sum m17.wav parat.wav
```

आता दोन्ही खुणा शेवटच्या अक्षरापर्यंत सारख्या आल्या.

मधल्या वेळात नुसता आवाज जुळतो का हे पाहताना आणखी एक खड्डा सापडला. ffmpeg या साधनाला एमडी५ काढायला सांगितलं की ते आपणहून आवाज १६ बिटांचा करून मग खूण काढतं. आमच्या फाइली २४ बिटांच्या. म्हणजे खालच्या आठ बिटांत काहीही बदललं तरी खूण जवळपास नेहमी तीच येणार आणि आपण "जुळलं" म्हणून निर्धास्त होणार. त्याला २४ बिट स्पष्ट सांगावं लागतं:

```
ffmpeg -i m17.wav -map 0:a -c:a pcm_s24le -f md5 -
metaflac --show-md5sum m17.flac
```

या दोन्ही ओळींचं उत्तर एकच यायला हवं, आणि ते आलं.

१० मार्च

कार्डांकडे वळले. दोन्ही कार्डांची लिहिण्याची कडी बंद करून ती वाचकात घातली आणि फाइली कुठेही हलवण्याआधी, थेट कार्डावरच खुणांची यादी काढली:

```
find . -name '*.wav' -exec sha256sum {} + > ~/card1.sha256
```

डिस्कवरच्या प्रतीवरून यादी काढली असती तर डिस्कवर येताना झालेली चूकही त्यात "बरोबर" म्हणून नोंदली गेली असती.

मग कार्डाची यादी डिस्कशी जुळवली. ३७ जुळल्या, m08 जुळेना. आवाजाची २४ बिटांची खूण काढली तर ती सारखी. म्हणजे आवाज तोच, कप्पे बदललेले. शोध घेतल्यावर कळलं की संकलनाच्या प्रोग्राममध्ये m08 उघडून त्यात संकलनासाठी मार्कर लावले होते, आणि प्रोग्रामने ते मूळ फाइलीतच लिहून टाकले. कुणी "सेव्ह" म्हटलंही नव्हतं. नुकसान काही नाही, पण मूळ फाइल नकळत बदलू शकते हे समोर आलं. डिस्कवरची m08 काढून कार्डावरून नव्याने घेतली आणि मूळ फाइलींचं सगळं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं केलं. संकलन आता नेहमी वेगळ्या प्रतीवर होईल.

१२ मार्च

पाहुण्यांकडून आलेल्या तीन फाइलींची पाळी. एक फोनवर रेकॉर्ड झालेली एम४ए आहे. सहकाऱ्याने विचारलं, तिचीही फ्लॅक करू ना, म्हणजे सगळं एकसारखं होईल? नको. त्यात काटछाट आधीच होऊन गेलेली आहे, फ्लॅक केल्याने गेलेलं परत येत नाही. फाइल कितीतरी पटींनी फुगते आणि वर ती जणू अस्सल आहे असा खोटा रुबाब येतो. फोनने जी लिहिली तीच आपली मूळ फाइल. जशी आली तशी ठेवली.

उरलेल्या दोन फाइली २४ बिटांच्या वेव्ह. m40 ची फ्लॅक ५२ टक्क्यांवर आली. m41 ची १८ टक्क्यांवर! इतकी लहान कशी? खोली काही एवढी शांत नव्हती, मागे रहदारी ऐकू येते.

६ तारखेला टक्केवारी लिहून ठेवली नसती तर हे नजरेतून सुटलं असतं. नमुन्यांच्या किमती पाहिल्या तर प्रत्येकाचे खालचे आठ बिट शून्य. म्हणजे आवाज खरा १६ बिटांचा, वर २४ चा अंगरखा चढवलेला. फ्लॅक असे वाया गेलेले बिट ओळखतं आणि लिहितच नाही. पण १६ बिटांचा आवाज आला कुठून हे त्यातून कळत नाही. म्हणून आलेख काढला:

```
sox m41.wav -n spectrogram -o m41.png
```

साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखा काळा पट्टा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आमच्या माइकच्या फाइलींत तिथे निदान खोलीचा धुरळा दिसतो. बोलण्यात तेवढ्या वरचं फारसं नसतं हे खरं, पण गोंगाटही इतक्या सरळ रेषेत थांबत नाही. १२८ च्या आसपासची एमपी३ नेमकी अशी दिसते. हे एकटं लक्षण मी पुरावा मानला नसता, कारण काही माइक आणि काही बैठकीची सॉफ्टवेअरंही वरचा भाग कापतात. आठ शून्य बिट आणि हा पट्टा एकत्र आले म्हणून शंका पक्की झाली.

पाहुण्यांना फोन केला. त्यांनी आठवून सांगितलं: रेकॉर्डिंग एमपी३ मध्येच झालं होतं. "तुम्ही वेव्ह मागितली होती ना, म्हणून बदलून पाठवली." त्यांची काहीच चूक नाही. "वेव्ह पाठवा" असं आम्ही म्हणालो, "रेकॉर्डरने जी फाइल बनवली ती, न उघडता पाठवा" असं म्हणायला हवं होतं. मागणीचं पत्र आजच बदललं. मूळ एमपी३ त्यांच्याकडे असली तर शोधून देतो म्हणाले.

१५ मार्च

क्लाउडची मांडणी. सिंकचं फोल्डर सोडून ऑब्जेक्ट स्टोरेज घेतलं, एस३ पद्धतीचं. त्यात दोन गोष्टी चालू केल्या: आवृत्त्या ठेवणं, म्हणजे वरून नवी फाइल पडली तरी जुनी मागे राहते, आणि ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत ती आवृत्ती पुसताच येत नाही.

लॉकच्या दोन तऱ्हा आहेत. कंप्लायन्स प्रकारात मुदत संपेपर्यंत कुणीच पुसू शकत नाही, खात्याचा मालकसुद्धा नाही. गव्हर्नन्स प्रकारात खास परवानगी दिलेली व्यक्ती पुसू शकते. ऐकायला पहिला प्रकार जास्त सुरक्षित. पण आमच्या फाइली मुलाखतींच्या आहेत. संमतीपत्रात आम्ही पाहुण्यांना लिहून दिलंय की अमुक काळात तुम्ही माघार घेऊ शकता आणि आम्ही रेकॉर्डिंग नष्ट करू. कंप्लायन्स लावलं तर तो शब्द आम्हाला पाळताच येणार नाही. म्हणून गव्हर्नन्स. पुसण्याची परवानगी रोजच्या कामाच्या खात्याला नाही, ती वेगळ्या खात्याकडे आहे, आणि तो पासवर्ड संगणकात साठवलेला नाही.

लॉक चुकीच्या हातापासून वाचवतं, पण खातंच बंद पडलं तर त्याचा उपयोग नाही. म्हणून डिस्कची एक प्रत वेगळ्या इमारतीत राहील.

१७ मार्च

३८ फ्लॅक, पाहुण्यांच्या फाइली आणि खुणांच्या याद्या rclone या साधनाने क्लाउडवर चढवल्या. ५९ जीबीचे ३० झाल्यामुळे रात्रभरात काम झालं.

```
rclone copy raw/ arch:mulakhati/raw --immutable
rclone check raw/ arch:mulakhati/raw --download
```

`--immutable` मुळे वर आधीच असलेली फाइल बदलायचा प्रयत्न झाला तर काम अडतं. `sync` मुद्दाम वापरलं नाही, कारण इकडे नसलेलं ते तिकडूनही काढतं.

सकाळी सहकाऱ्याचा घाबरलेला फोन: "सगळ्या फाइली बिघडल्यात!" त्याने क्लाउडच्या पानावर दिसणारा ETag आपल्या एमडी५ शी जुळवून पाहिला होता. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी चढते, आणि तेव्हा ETag हा फाइलचा एमडी५ नसतो. शेवटी आडवी रेघ आणि तुकड्यांची संख्या दिसते, `-94` अशी. तो आकडा दिसला की जुळवायला जायचंच नाही. खरं उत्तर `--download` वाल्या तपासणीने दिलं: सगळं परत ओढून बाइट-बाइट ताडलं, फरक शून्य. वेळ लागतो, पण आयुष्यात एकदाच करायचं आहे.

२० मार्च

मूळ फाइली महिन्याभराने थंड साठ्यात, ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये, आपोआप जातील असा नियम लावला. पण तिथून परत मागायचं कसं हे आधी करून पाहायचं होतं. एक चाचणी फाइल थेट तिथे टाकली आणि संध्याकाळी परत मागितली. साध्या मागणीला १२ तासांपर्यंत लागतात, स्वस्त मागणीला ४८ पर्यंत. सकाळी फाइल आली. जी येते ती ठरावीक दिवसांपुरती प्रत असते, मूळ तिथेच थंडीत राहते. शिवाय तिथली फाइल १८० दिवसांच्या आत काढली तरी पूर्ण १८० दिवसांचे पैसे लागतात, म्हणून सतत बदलणाऱ्या संकलनाच्या फाइली तिथे जाणार नाहीत.

एक गोष्ट क्रमाची: फाइली थंडीत गेल्यावर `check --download` चालत नाही, कारण त्या थेट वाचता येत नाहीत. पूर्ण तपासणी आधी झाली हे बरं झालं.

२२ मार्च

पुढच्या टप्प्यासाठी नवा रेकॉर्डर आलाय, तो ३२ बिट फ्लोटमध्ये लिहितो. त्याची फाइल `flac` ला दिली तर त्याने सरळ नाकारली. फ्लॅकमध्ये पूर्णांकच बसतात. काही साधनं नकार न देता मुकाट्याने २४ बिटांत बदलून देतात, आणि ते वाईट: कुणी अचानक मोठ्याने हसलं आणि पातळी शून्य डेसिबलच्या वर गेली, तर फ्लोटमध्ये ते हसू शाबूत असतं, बदलात त्याचा माथा छाटला जातो. नवा रेकॉर्डर घेतला तो यासाठीच. या फाइलींसाठी वेव्हपॅक वापरणार, ते फ्लोट जसंच्या तसं ठेवतं. m17 वर केलेली येण्या-जाण्याची चाचणी त्यावरही करायची आहे.

२३ मार्च

शेवटची परीक्षा. डिस्क बाजूला ठेवली, दुसराच संगणक घेतला. सहकारीने डोळे मिटून यादीतून तीन क्रमांक निवडले: m05, m22, m33. क्लाउडमधून उतरवल्या, `flac -t` केलं, कप्प्यांसकट वेव्हमध्ये उलगडल्या आणि खुणा १० तारखेच्या कार्डावरच्या यादीशी जुळवल्या. तिन्ही जुळल्या. m22 संकलनाच्या प्रोग्राममध्ये उघडली तर रेकॉर्डिंगची वेळही जिथल्या तिथे.

दुपारी m41 ची एमपी३ आली. तीच मूळ म्हणून ठेवली. वेव्ह काढली नाही, पण यादीत तिच्यासमोर "एमपी३ वरून बदललेली, मूळ नव्हे" असं लिहिलं.

संध्याकाळी सहकारीला निरोप पाठवला: दोन्ही कार्डं पुसायला हरकत नाही.